पंच्याहत्तरीची रेघ आणि ३१ मार्चची रेघ

*मी नाशिकरोडच्या प्रेसमधून कारकून म्हणून निवृत्त झालो. वय ७८. नातवाच्या शाळेत २६ नोव्हेंबरला संविधान दिनाच्या कार्यक्रमात मला सहा मिनिटं बोलायला सांगितलंय. मुख्याध्यापिकाबाईंनी विषय दिलाय, ‘कायद्यापुढे समानता आणि वाजवी वर्गीकरण’. मी सुरुवात लिहिली, ‘आजच्या दिवशी संविधान लागू झाले आणि कायदा सर्वांना सारखाच झाला.’ घरात वाचून दाखवलं, तर आठवीतला नातू म्हणाला, ‘आबा, तुम्हाला एसटी फुकट, मला नाही. मग सारखा कसा?’ बायको हसायला लागली. मी गप्प बसलो. आता त्या पोराला आणि समोरच्या चारशे मुलांना काय सांगू?*

*— एक आजोबा, जेल रोड*

काका,

नातवाचा प्रश्न भाषणाच्या पहिल्याच ओळीत घाला, त्याच्याच शब्दांत. त्याने नेमकं वर्मावर बोट ठेवलंय. शाळांच्या वक्तृत्व स्पर्धांना परीक्षक म्हणून मी जाते तेव्हा संविधानावरच्या दहा भाषणांतली नऊ ‘सर्व समान’ म्हणून सुरू होतात आणि ‘जय हिंद’ म्हणून संपतात. मधे हा प्रश्न कोणी विचारतच नाही.

आधी तुमच्या वाक्यातल्या दोन दुरुस्त्या. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान स्वीकारलं गेलं. नागरिकत्व, निवडणूक अशी मोजकी कलमं त्याच दिवशी अमलात आली, बाकीचं सगळं २६ जानेवारी १९५० ला. समानतेचं कलम १४ त्या मोजक्यांत नव्हतं. म्हणून ‘लागू झाले’च्या जागी ‘स्वीकारले’ म्हणा. शाळेत एखादा इतिहासाचा शिक्षक असतोच, तो कार्यक्रम संपल्यावर तुम्हाला गाठेल.

दुसरी दुरुस्ती महत्त्वाची आहे. कायदा सर्वांना सारखा नसतो, आणि कलम १४ तसं म्हणतही नाही. अठराच्या आत मत देता येत नाही, कमी उत्पन्नावर आयकर लागत नाही, दहावीच्या परीक्षेत वाचन-अक्षमता असलेल्या मुलाला तासामागे २० मिनिटं जादा मिळतात. कायद्याचं कुठलंही पुस्तक उघडा, पानापानावर कोणाला तरी वेगळं काढलेलं दिसेल. कलमाचा आशय असा आहे: राज्य कोणत्याही व्यक्तीस कायद्यापुढे समानता अथवा कायद्याचे समान संरक्षण नाकारणार नाही. त्यात दोन गोष्टी आहेत. ‘कायद्यापुढे समानता’ म्हणजे कायद्याच्या वर कोणी नाही. भाजीवाला असो की मोठा अधिकारी, गुन्हा केला तर त्याच न्यायालयात उभं राहायचं. ‘समान संरक्षण’ म्हणजे ज्यांची परिस्थिती सारखी त्यांना सारखी वागणूक. नातवाचा प्रश्न या दुसऱ्या भागातला आहे: आबाची आणि माझी परिस्थिती सारखी आहे का? भाषण इथे वळवा. पहिल्या भागाला दोन वाक्यं पुरेत.

आता एसटी. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या माणसाला महाराष्ट्रात २०२२ पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. तुम्ही कंडक्टरला आधार कार्ड दाखवता आणि सिन्नरला जाऊन येता. न्यायालयात असं कुठलंही वेगळेपण तपासायला आलं की दोन प्रश्न विचारतात. ज्यांना वेगळं काढलं त्यांचा गट स्पष्ट ओळखू येतो का? आणि ज्या खुणेवरून त्यांना वेगळं काढलं, तिचा त्या नियमाच्या उद्देशाशी काही संबंध आहे का? वकिली भाषेत पहिल्याला ‘इंटेलिजिबल डिफरन्शिया’ म्हणतात आणि दुसऱ्याला ‘नेक्सस’. हे शब्द भाषणात अजिबात नकोत, मी फक्त तुमच्या माहितीसाठी सांगते. १९५२ साली पश्चिम बंगालच्या विशेष न्यायालयांच्या खटल्यात, म्हणजे अन्वर अली सरकार खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने ही कसोटी नीट मांडली आणि तेव्हापासून ती वापरात आहे.

तुमच्या बाबतीत दोन्ही उत्तरं सोपी आहेत. गट जन्मतारखेवरून कळतो. उद्देश असा, की उतारवयात कमाई थांबलेली असते, अंगात ताकद कमी असते, त्या माणसाचं येणंजाणं पैशापायी अडू नये. वयाचा या उद्देशाशी थेट संबंध आहे. हीच सवलत उद्या ‘निळा शर्ट घालणाऱ्यांना’ दिली, तर गट दुरूनही ओळखू येईल, पण शर्टाच्या रंगाचा म्हातारपणाशी संबंध काय? पहिली पायरी पार, दुसरीवर घसरली. मुलांना हे पटकन कळतं. समोर गणवेशातली मुलं बसलेली असतील, तेव्हा शर्टाचाच दाखला द्या.

पण काका, नातू इथे थांबणार नाही. तो म्हणेल, ‘शेजारचे अण्णा ७४ वर्षं ११ महिन्यांचे आहेत, त्यांना अर्धं तिकीट पडतं. एका महिन्यात ते म्हातारे होणार का?’ बरोबर विचारेल. आणि पलीकडच्या बंगल्यातल्या, दारात दोन गाड्या उभ्या असलेल्या ७६ वर्षांच्या गृहस्थांना फुकट का, हेही विचारेल. याचं प्रामाणिक उत्तर असं की रेघ कुठे तरी ओढावीच लागते, आणि कुठेही ओढली तरी तिच्या अलीकडे एक पाय ठेवून उभा असलेला कोणी तरी असतोच. तराजूत मासा-मासा तोलल्यासारखी गटवारी न्यायालय मागत नाही. काही नको ते आत येतील, काही हवे ते बाहेर राहतील, एवढं चालवून घेतात. मग रेघ अन्यायाची कधी होते?

त्यासाठी तुमच्याच टेबलावरचं उदाहरण आहे आणि ते तुम्ही वापरत नाही याचं मला नवल वाटतं. पेन्शन!

डी. एस. नकारा विरुद्ध भारत सरकार, निकाल १७ डिसेंबर १९८२, पाच न्यायमूर्तींचं घटनापीठ. तुम्हाला हा खटला नावाने नाही तरी तारखेने माहीत असेल. पेन्शनरांच्या संघटना १७ डिसेंबर पेन्शनर दिन म्हणून पाळतात तो यामुळेच. १९७९ साली केंद्र सरकारने पेन्शनचं सूत्र सुधारलं. आधी शेवटच्या ३६ महिन्यांच्या पगाराची सरासरी धरायचे, ती शेवटच्या १० महिन्यांवर आणली, हिशोबाचे टप्पे उदार केले, कमाल मर्यादाही वाढवली. फक्त एक अट घातली: ३१ मार्च १९७९ ला जो नोकरीत होता आणि त्या दिवशी किंवा नंतर निवृत्त झाला, त्यालाच हे सूत्र. आधीच्यांना जुनंच.

आता प्रेसमधले दोन कारकून डोळ्यांसमोर आणा. (प्रेस तेव्हा थेट केंद्राच्या अर्थ मंत्रालयाखाली होती, महामंडळ खूप नंतर झालं, म्हणून उदाहरण इथे चपखल बसतं. माणसं मात्र मी कल्पनेतली घेतली आहेत.) दोघं एकाच वर्षी लागले, एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसले, पगारही सारखा. एकाचा जन्म २० फेब्रुवारी १९२१ चा, दुसऱ्याचा ५ मार्च १९२१ चा. निवृत्तीचं वय तेव्हा ५८, आणि ज्या महिन्यात वय पूर्ण होतं त्या महिन्याच्या अखेरीस माणूस सुटतो. म्हणजे पहिला सुटला २८ फेब्रुवारी १९७९ ला, दुसरा ३१ मार्चला. जन्मात अंतर १३ दिवसांचं. पण पहिल्याला जन्मभर जुनं सूत्र आणि दुसऱ्याला नवं.

आकडा मांडून बघा. दोघांचा मूळ पगार शेवटच्या वर्षी महिना ५६० रुपये, त्याआधीच्या वर्षी ५४५, त्याआधी ५३०. पहिल्याची सरासरी ३६ महिन्यांची, म्हणजे ५४५ रुपये. दुसऱ्याची शेवटच्या १० महिन्यांची, म्हणजे पुरे ५६०. पेन्शन मोजायला सुरुवात करण्याआधीच पहिला १५ रुपयांनी मागे पडला, टप्प्यांचा फरक तर अजून धरलेलाच नाही. १९७९ च्या १५ रुपयांना आज कोणी हसेल, पण तो पाया आहे. पुढची प्रत्येक महागाईवाढ त्याच पायावर चढणार होती.

सरकारचं म्हणणं साधारण असं होतं, की नवी योजना कुठल्या तरी तारखेपासून सुरू करावीच लागते आणि तिजोरीला मर्यादा असते. ऐकायला अगदी वाजवी. न्यायालयाने पहिला प्रश्न विचारला: गट ओळखू येतो का? येतो, तारीख स्पष्ट आहे. दुसरा: उद्देश काय होता? महागाईत म्हाताऱ्या माणसाला नीट जगता यावं. मग फेब्रुवारीत निवृत्त झालेल्याला महागाई कमी लागते का? उलट, जो आधी निवृत्त झाला त्याचा पगार कमी, पेन्शन कमी आणि वय जास्त. मदतीची गरज त्यालाच अधिक. म्हणजे ज्या उद्देशासाठी नियम केला, त्याच्या बरोबर उलट्या दिशेला ती तारीख जात होती. निकालात न्यायालयाने हेही दाखवून दिलं, की ४८ तासांच्या फरकाने निवृत्त झालेल्या दोन माणसांवर याचा किती विदारक परिणाम होतो. सगळे पेन्शनर एकच वर्ग आहेत, पेन्शन हे मालकाच्या मर्जीचं बक्षीस नाही तर केलेल्या नोकरीमुळे मिळालेला हक्क आहे, असं ठरलं. ‘३१ मार्चला नोकरीत असलेले आणि नंतर निवृत्त झालेले’ अशा अर्थाचे शब्द नियमातून काढून टाकले. योजना तशीच राहिली, फक्त कुंपण पडलं.

एक बारकावा मला फार आवडतो. न्यायालयाने जुन्या पेन्शनरांना मागची थकबाकी दिली नाही. १९७२ ला निवृत्त झालेल्या माणसाची पेन्शन नव्या सूत्राने पुन्हा मोजायची, पण वाढलेले पैसे ३१ मार्च १९७९ पासून पुढचेच. म्हणजे योजना कधीपासून सुरू झाली यासाठी तारीख राहिली, आणि कोण आत कोण बाहेर हे ठरवायला ती वापरली गेली नाही. एकच तारीख, एका कामाला चालली, दुसऱ्याला नाही.

आता मर्यादा सांगते, कारण तुम्ही पेन्शनर आहात आणि बोलण्याच्या भरात वाहवत जाण्याचा धोका आहे. ‘सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय, तारखेवरून भेदभाव चालत नाही’ असं म्हणू नका. न्यायालय असं म्हणालेलं नाही. जी योजना आधीपासून होती तीच सुधारली, आणि ज्यांना ती आधीपासून लागू होती त्यांच्यातलेच काही वगळले, हा नकारा खटल्याचा गाभा. १९९० साली रेल्वेच्या भविष्यनिर्वाह निधीवाल्या निवृत्तांनी हाच निकाल पुढे करून पेन्शन मागितली, तेव्हा न्यायालयाने नाही म्हटलं. त्यांनी निवृत्तीच्या वेळी निधी घेऊन हिशोब मिटवला होता, ते पेन्शनरांपेक्षा वेगळा वर्ग ठरले. पेन्शनर संघाच्या बैठकीत हा मुद्दा काढलात तर तासभर भांडण होईल. शाळेत काढू नका, पण चुकीचं वाक्यही बोलू नका.

नाशिकमध्ये समतेवर बोलायचं आणि काळाराम मंदिराचा सत्याग्रह टाळायचा, हे शक्य नाही. कोणी तरी तो अपेक्षित धरणारच. २ मार्च १९३० ला तो सुरू झाला, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांनी इथे तो पुढची वर्षं चालवला. तुमच्या विषयाशी त्याचा जो धागा जुळतो तेवढाच घ्या. मंदिराच्या दाराशी केलेला भेद अगदी ‘स्पष्ट ओळखू येणारा’ होता. कोण आत, कोण बाहेर, यात कोणालाही शंका नव्हती. आणि उद्देश विचारला असता तर बाहेर ठेवणाऱ्यांनी तोही न अडखळता सांगितला असता. म्हणून दोन प्रश्न पुरत नाहीत, तिसरा लागतो: हा उद्देश तरी सरळ आहे का? काही लोकांना खाली ठेवणं हाच उद्देश असेल तर त्याच्याशी कितीही पक्का संबंध जुळला तरी वर्गीकरण वाजवी होत नाही. कलम १५ आणि १७ ने पुढे हे दार नावानिशी बंद केलं. एवढं बोला आणि पुढे चला. सत्याग्रहाची संपूर्ण हकिकत सांगायला बसलात तर सहा मिनिटं तिथेच जातील, आणि त्या हकिकतीला सहा मिनिटं अपुरी आहेत.

सुरुवात साधारण अशी करून बघा, शब्द तुमचे घाला:

“मुलांनो, मी एसटीत बसलो की तिकीट काढत नाही. माझा नातू काढतो. तो तुमच्यातच कुठे तरी बसलाय आणि चिडलाय. परवा मला म्हणाला, आबा, संविधानात सगळे समान ना, मग हे काय? मला उत्तर आलं नाही. चाळीस वर्षं सरकारी नोकरी केली, पण उत्तर आलं नाही. म्हणून शोधलं. तर संविधान म्हणतं, सारख्यांना सारखं वागवा. आता सांगा, माझे गुडघे आणि त्याचे गुडघे सारखे आहेत का?”

इथे हशा येईल, थांबा. मग शर्टाचं उदाहरण. मग म्हणा:

“पण रेघ ओढणारा चुकूही शकतो. मी ज्या प्रेसमध्ये होतो, तिथल्या दोन कारकुनांची गोष्ट सांगतो. ती मनाने रचलेली आहे, पण नियम खरा होता आणि निकालही खरा आहे…”

‘मनाने रचलेली’ हे जरूर सांगा. मुलं घरी जाऊन त्या कारकुनांची नावं विचारतात. सरासरीचं गणित मात्र तोंडी सांगू नका, ऐकून कोणाला कळत नाही. ‘एकाला जास्त, एकाला कमी, मरेपर्यंत’ एवढं बास. नोकरीची वर्षं माझ्या अंदाजाने घातली आहेत, तुमची खरी घाला.

भाषणानंतर मुलं दोन प्रश्न विचारण्याची दाट शक्यता आहे. पहिला: आईला एसटीत अर्धं तिकीट, बाबांना पूर्ण, हे कसं? महिलांना ही सवलत मार्च २०२३ पासून आहे. स्त्रिया आणि मुलं यांच्यासाठी खास तरतूद करायला संविधानानेच कलम १५ च्या तिसऱ्या उपकलमात वाव ठेवलाय, हे सांगा. आणि विचारणाऱ्याला उलट विचारा, की तुझ्या घरात बाहेरगावी जायचे पैसे कोण कोणाकडे मागतं? उत्तर घराघरात वेगळं येईल, येऊ द्या.

दुसरा प्रश्न आरक्षणाचा. तो एक तर कोणी विचारणार नाही, कारण शिक्षक डोळे वटारतील, नाही तर मोठ्या वर्गातला एखादा नक्की विचारेल. टाळू नका आणि त्यावर दुसरं भाषणही करू नका. १९७५ साली केरळ सरकार विरुद्ध थॉमस या खटल्यात सात न्यायमूर्तींपुढे हाच वाद होता: मागास वर्गांसाठी खास तरतूद हा समानतेला केलेला अपवाद, की समानतेचाच भाग? बहुमताचा कौल ‘समानतेचाच भाग’ याकडे गेला. शतकानुशतकं ज्यांना वेगळं वागवलं, त्यांना आज अचानक ‘सारखे’ धरणं म्हणजे परिस्थिती न पाहता वागवणं. एवढं सांगून, बाकी वर्गात शिक्षकांबरोबर बोला म्हणावं.

तिसराही एक प्रश्न येतो, लहान वर्गातून: आई दादाला जास्त खाऊ देते, तिच्यावर कलम १४ लागतं का? नाही लागत. हे कलम राज्याला बांधतं, म्हणजे सरकार, पालिका, एसटीसारखी महामंडळं. आई सुटली. यावरही हशा येतो, शेवटच्या मिनिटासाठी राखून ठेवा.

आणि काका, भाषणाच्या दिवशी दहा मिनिटं आधी जा. फळ्यावर मोठ्या अक्षरांत दोनच तारखा लिहून ठेवा, २० फेब्रुवारी १९२१ आणि ५ मार्च १९२१. काही सांगू नका. कारकुनांच्या गोष्टीपर्यंत आलात की मुलांना हात वर करायला लावा: यातल्या कोणाला जास्त पेन्शन मिळायला हवी? बहुतेक हात पहिल्या तारखेसाठी वर होतील, तो थोरला म्हणून. मग सांगा, सरकारने कोणाला दिली होती.